टीव्हीचा १०० एमबीपीएसचा पोर्ट, चिऱ्याच्या भिंती आणि २८ मीटर वायर: कामाच्या नोंदी

९ मे

घर गुहागर तालुक्यात, कौलारू, जुनं. फायबरचं कनेक्शन ओटीवर येतं, राउटर तिथेच. टीव्ही मागच्या खोलीत. मधे माजघराच्या दोन चिऱ्याच्या भिंती, त्यातली एक जवळजवळ दीड फुटी. टीव्ही २०१७ चा ४के अँड्रॉइडवाला, त्याला इथरनेटचा पोर्ट आहे पण १०० एमबीपीएसचाच. नंतर शोधल्यावर कळलं की नुसते जुनेच नाहीत तर आजचे कितीतरी नवे टीव्हीसुद्धा १०० चाच पोर्ट देतात.

आज काय झालं तर भाचीच्या लग्नाचे फोनवर काढलेले व्हिडिओ सगळ्यांना टीव्हीवर दाखवायचे होते. फाईली ओटीवरच्या जुन्या लॅपटॉपवर आहेत, तो राउटरला वायरने जोडलेला आहे, टीव्ही वाय-फायवरून त्याच्याकडून ओढतो. ४के, सेकंदाला ६० फ्रेम. मिनिटाला साधारण ४०० एमबी म्हणजे ४०० गुणिले ८ भागिले ६०, सुमारे ५३ एमबीपीएस. अक्षता पडायच्या नेमक्या वेळेला गोल फिरायला लागलं, मग पुढे गेलं, मग परत थांबलं. आई म्हणाली, "अरे, राहू दे, फोनवरच बघू." पण फोनवर सात-आठ माणसं कशी बघणार.

वायर ओढू म्हटलं तर भाचा म्हणाला, "मामा, उगाच खर्च करू नकोस, टीव्हीचा पोर्ट शंभरचाच आहे, वाय-फायची लिंक बघ, ३९० दाखवतोय." त्याचं चुकलं असं नाही, टीव्हीत खरंच ३९० दिसत होतं. पण मग ५३ ची फाईल का अडकते याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं, म्हणून आधी मोजायचं आणि मग खर्च असं ठरवलं. या नोंदी त्यासाठीच ठेवतोय, ज्यांच्याकडे असाच टीव्ही आणि अशाच भिंती आहेत त्यांच्या उपयोगी पडाव्यात.

११ मे

पहिली चूक मोजण्यातच झाली. टीव्हीच्या ब्राउझरमधे स्पीड टेस्ट उघडली, एकदा ३८ आली, एकदा ५२, एकदा ४१. अर्धा दिवस राउटरचा चॅनेल बदल, अँटेना वाकव असं करत बसलो. संध्याकाळी टीव्हीचीच टेस्ट राउटर शेजारी आणून केली (लांब एक्स्टेन्शन बोर्ड लावून टीव्ही ओटीवर आणला, दोघं लागले उचलायला) तरी ५५ च्या वर जाईना. म्हणजे अडत होतं ते टीव्हीच्या प्रोसेसरपाशी, ब्राउझरला तेवढं काम झेपतच नाही. ब्राउझरवरचा आकडा जुन्या टीव्हीवर कशाचाच पुरावा नाही, हे आधी माहीत असतं तर एक दिवस वाचला असता.

मग टीव्हीवर आयपर्फ चालवणारं ॲप टाकलं आणि लॅपटॉपवर सर्व्हर चालू केला:

```
iperf3 -s
```

इंटरनेटचा यात संबंध नाही, फक्त घरातल्या घरात लॅपटॉप ते टीव्ही किती जातं तेवढंच मोजलं जातं. ओटीवर राउटरजवळ २१२ एमबीपीएस मिळाले. टीव्ही परत मागच्या खोलीत नेला आणि दहा मिनिटं चालू ठेवला, रात्री आठ वाजता, घरातले सगळे फोन चालू असताना. सरासरी ८८ आली. पण खाली स्क्रोल करून सेकंदासेकंदाचे आकडे बघितले तर एकीकडे १४३ आणि दुसरीकडे ११. आणि ते ११-१५ वाले सेकंद एकेकटे नव्हते, सात-आठ सलग येत होते.

इथेच व्हिडिओ का अडकतो ते समजलं. फाईलला दर सेकंदाला ५३ लागतात, मिळतात ११, म्हणजे ४२ कमी. आठ सेकंद असं चाललं तर ३३६ मेगाबिट कमी पडले, म्हणजे सहा सेकंदांपेक्षा जास्त व्हिडिओ. प्लेअरने पुढचा साठा पाच सेकंदांचाच करून ठेवला असेल तर तो संपून गोल फिरणारच, सरासरी ८८ असली तरी. आणि टीव्हीत दिसणारे ३९० म्हणजे रेडिओचा त्या क्षणाचा दर, त्यातून प्रत्यक्ष डेटा अर्ध्याच्या आसपास जातो, आणि तोसुद्धा हवा मोकळी असेल तर. वाय-फायवर एका वेळी एकच बोलू शकतो, भाचा रील बघत असेल तर तेवढा वेळ टीव्ही थांबून असतो.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. इंटरनेटवरचं ४के या वाय-फायवर मे महिन्यात नीट चालत होतं. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस मागतं, यूट्यूब २० म्हणतं, आणि ते पुढचा साठाही भरपूर करून ठेवतात, त्यामुळे मधले खड्डे कळत नाहीत. तुमचं सगळं बघणं एवढंच असेल आणि ते अडकत नसेल तर वायर ओढायची घाई करू नका.

१४ मे

चिपळूणला जाऊन सामान आणलं, येण्याजाण्यात अख्खा दिवस गेला. ३० मीटर कॅट ६ वायर, शुद्ध तांब्याची, मीटरला ३२ रुपये, ९६० झाले. दुकानात मीटरला १४ ची पण होती, पण ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, टोक नखाने खरवडलं की आत पांढरं दिसतं. अशी वायर लवकर तुटते आणि आमच्या खाऱ्या हवेत क्लिपच्या जागी सडते असं दुकानदार स्वतःच म्हणाला, म्हणून घेतली नाही. क्रिम्पिंग टूल ३५०, कॅट ६ चे दहा कनेक्टर १५०, दिव्यांचा टेस्टर २५०, पीव्हीसी केसिंगच्या पट्ट्या ४२०.

खरं म्हणजे कॅट ६ ची गरज नव्हती. १०० एमबीपीएसला साधी कॅट ५ सुद्धा १०० मीटरपर्यंत पुरते, आणि कॅट ६ च्या तारा जाड असल्याने साधे कनेक्टर त्यात नीट बसत नाहीत, महाग घ्यावे लागतात. पण पुढेमागे टीव्ही बदलला तर वायर तीच राहील म्हणून घेतली.

१६ मे

वायर टाकली. चिऱ्याला दीड फूट भोक पाडायचं मनात नव्हतं, म्हणून ओटीवरून माळ्यावर, माळ्यावरून वाशांच्या कडेने मागे, आणि मागच्या पडवीतून खाली खोलीत. २८ मीटर लागली. माळ्यावर उंदरांचा वावर आहे म्हणून तिथे सगळीकडे केसिंग. पडवीत आंब्याच्या पेट्या रचलेल्या, त्या हलवण्यात आणि परत लावण्यातच दोन तास गेले.

मग दोन्ही टोकं क्रिम्प केली. टेस्टर लावला, एक ते आठ दिवे दोन्ही बाजूंना क्रमाने लागले. टीव्हीला लावली, "कनेक्टेड" आलं, राउटरचा दिवा १०० ची लिंक दाखवायला लागला. आयपर्फ चालवला.

३१ एमबीपीएस.

परत चालवला, २८. परत, ३३. वाय-फायवर सरासरी ८८ आणि इथे २१०० रुपयांच्या वर खर्च करून ३१. लग्नाचा व्हिडिओ आता आधीपेक्षा जास्त अडकत होता. भाचा काही बोलला नाही, पण मला फार वाईट वाटलं, कारण चूक कुठे आहे तेच कळत नव्हतं, टेस्टर तर सगळं बरोबर सांगत होता.

१७ मे

आज शोधून काढलं, आणि या सगळ्या नोंदींमधे ही सगळ्यात कामाची आहे.

टीव्हीवर आत बघायला काही मिळत नाही, म्हणून टीव्हीच्या जागी भाच्याचा लिनक्सवाला लॅपटॉप लावला. त्याचा पोर्ट गिगाबिटचा आहे, त्याला मुद्दाम १०० वर आणला म्हणजे तो टीव्हीसारखाच वागेल:

```
sudo ethtool -s enp2s0 speed 100 duplex full autoneg on
iperf3 -c 192.168.1.20 -R -t 60
ip -s link show enp2s0
```

`-R` म्हणजे डेटा सर्व्हरकडून आपल्याकडे, टीव्हीला येतो त्याच दिशेने. त्याला पण ३१ च मिळाले, म्हणजे टीव्हीचा पोर्ट निर्दोष. आणि शेवटच्या कमांडने हे दाखवलं:

```
RX:  bytes packets errors dropped  missed   mcast
 236190482  158021   2764       0       0      41
```

एका मिनिटात २७६४ पॅकेट खराब होऊन आली. चांगल्या वायरवर इथे शून्य असतं. पॅकेट खराब झालं की ते टाकून दिलं जातं, सर्व्हर परत पाठवतो आणि आपला वेगही कमी करतो, म्हणून ३१. नुसता लिंकचा दिवा आणि टेस्टरचे दिवे बघून हे कधीच कळलं नसतं.

मग कनेक्टर डोळ्यांजवळ धरून रंग बघितले. मी लावलेला क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती व्यवस्थित, जोडीला जोडी. दोन्ही टोकांना सारखाच, म्हणून टेस्टरला एकचा एक, दोनचा दोन असं सगळं बरोबर मिळालं. पण इथरनेटमधे १ आणि २ ही एक जोडी असते, आणि ३ आणि ६ ही दुसरी. माझ्या क्रमात ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा, म्हणजे एकच सिग्नल दोन वेगवेगळ्या पिळांमधल्या तारांवरून चाललेला. तारा एकमेकींना पिळलेल्या असतात त्या बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा गोंधळ दोघींवर सारखा पडावा आणि तो वजा होऊन जावा म्हणून, इथे तो पीळच उपयोगाचा राहिला नाही. मीटरभर वायरवर हे कदाचित कळलंही नसतं, २८ मीटरवर कळलं.

बरोबर क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी घालायची, एवढाच फरक. दोन्ही टोकं कापून परत केली, पीळ कनेक्टरच्या अगदी तोंडापर्यंत ठेवला, वायरचं बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत जाईल असं बघितलं. चार कनेक्टर गेले, कारण दोनदा तार पुढपर्यंत पोचलीच नाही.

लॅपटॉप परत सुरू केला म्हणजे आकडे शून्यावरून मोजले जातील, `ethtool` ने पोर्ट परत १०० वर आणला, आणि चालवला. ९४.१ एमबीपीएस, एरर शून्य.

९४ च का, १०० का नाही, हे भाच्याने विचारलं. प्रत्येक पॅकेट वायरवर १५३८ बाइटची जागा घेतं, त्यात पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पॅकेटांमधली मोकळी जागा आली, आपला खरा डेटा १४४८ बाइट. भागून बघा, ९४ टक्के येतात. त्यामुळे ९४ दिसले की वायर पूर्ण चांगली आहे असं समजा, आणि ८० किंवा ६० दिसले तर टीव्हीला दोष द्यायच्या आधी टोकं तपासा.

१८ मे

टीव्हीवर तीच दहा मिनिटांची टेस्ट, तीच वेळ रात्री आठ, फोन चालू. सरासरी ९४, सगळ्यात कमी सेकंद ९३. सरासरीत वाय-फायपेक्षा फक्त सहाने जास्त, आणि भाच्याचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं होतं. पण ११ वाले सेकंद गेले. लग्नाचा सव्वा तासाचा व्हिडिओ सलग लागला, शेजारच्या वहिनी पण आल्या होत्या, आईने अक्षता तीनदा मागे घेऊन बघितल्या.

आणखी एक फरक जो मी मोजायला विसरणार होतो. टीव्हीवर व्हिडिओ चालू असताना आईच्या फोनवरचं व्हिडिओ कॉलिंग माजघरात फाटायचं. आता टीव्ही हवेतून उठला, तर कॉल नीट चालतो. आधी टीव्ही ५३ चा डेटा दोन भिंतींमधून ओढत होता, सिग्नल कमजोर असल्याने हळू दराने, म्हणजे बराच वेळ हवा तोच अडवून बसायचा.

२४ मे

वळवाचा पाऊस, विजा. वाडीत मागच्या वर्षी एका घरी वीज जवळ पडून राउटरचे पोर्ट गेले होते, म्हणून आकाश भरून आलं की आता तीन गोष्टी काढतो: राउटरचा प्लग, टीव्हीचा प्लग, आणि इथरनेट वायर टीव्हीच्या बाजूने. नुसते विजेचे प्लग काढून भागत नाही, २८ मीटर तांबं माळ्यावर पसरलेलं असतं, त्यात दाब तयार होतो आणि तो पोर्टमधे उतरतो. वाय-फायला हा धोका नाही हे त्याच्या बाजूने मान्य करायला हवं. पोर्टवर सतत ओढाताण नको म्हणून टीव्हीमागे भिंतीवर सॉकेट लावला आणि तिथून एक मीटरची लहान वायर, काढायची ती सॉकेटमधून. १८० रुपये.

१ जून

आता ज्या ठिकाणी वायर हरली ते.

भाचा तारकर्लीला स्कुबा करून आला, त्याच्या ॲक्शन कॅमेऱ्याच्या फाईली १०० एमबीपीएसच्या आहेत. वायरवर लावल्या. सुरुवातीला छान, पाण्यातले मासे अगदी स्वच्छ, आणि वीस सेकंदांनी थांबलं. मग दर थोड्या वेळाने थांबायचं, ठरल्यासारखं. साधं गणित आहे, लागतात १००, पोर्टमधून येतात ९४, साठा संपला की थांबणारच. इथे टोकं, वायर, राउटर काहीही बदलून उपयोग नाही, पोर्टच्या आतली चिपच तेवढी.

वाय-फायवर टाकून बघितलं, मागच्या खोलीत त्याहून वाईट. टीव्ही राउटरच्या शेजारी असता तर २१२ मधे ही फाईल आरामात चालली असती. म्हणजे एकाच खोलीत राउटर आणि टीव्ही असलेल्या घरात, अशा जड फाईलींसाठी, वाय-फाय या पोर्टपेक्षा चांगलं हे खरंच आहे.

४ जून

भाच्याकडचा यूएसबी ते गिगाबिट इथरनेट अडॅप्टर टीव्हीच्या यूएसबी २.० ला लावला. सगळे टीव्ही हे ओळखत नाहीत, चिपचा ड्रायव्हर टीव्हीत आधीच असावा लागतो, आमच्याने `AX88179` वाला ओळखला. आयपर्फवर २३० च्या आसपास, स्कुबाची फाईल न थांबता चालली. आमच्या टीव्हीवर फक्त एक वाईट: लाईट जाऊन आली की टीव्ही अडॅप्टर विसरतो, तो मागून काढून परत घालावा लागतो. इथे जूनमधे दिवसातून चार वेळा लाईट जाते, आईला हे करायला लावणं बरोबर नाही. १२०० रुपयांचा नवा घ्यायचा विचार सोडला.

त्याऐवजी १०० वाल्या फाईली पेन ड्राइव्हवर टाकून थेट टीव्हीला. पेन ड्राइव्ह FAT32 असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जातच नाही, आणि १०० एमबीपीएसला ४ जीबी साडेपाच-पावणेसहा मिनिटांतच भरतात, म्हणून NTFS करून घेतला, आमचा टीव्ही तो वाचतो. अशा फाईली वर्षातून दोनदा येणार, त्यासाठी एवढं पुरे.

२२ जून

पाऊस चांगला लागलाय, भिंती बाहेरून ओल्या. मुद्दाम वायर काढून टीव्हीवर वाय-फायची दहा मिनिटांची टेस्ट परत घेतली. सरासरी ६१, सगळ्यात कमी ४. मे मधे सरासरी ८८ होती. राउटर तोच, जागा तीच, सेटिंग तेच. चिरा पाणी पितो आणि ओली भिंत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जास्त खाते, दुसरं कारण मला सापडलं नाही. आता यूट्यूबचं ४के पण मधेच धूसर होतं, जे मे मधे होत नव्हतं. म्हणजे कोकणात वाय-फायवर टीव्ही ठेवायचा की नाही हे उन्हाळ्यात मोजून ठरवू नका, जून-जुलैत मोजा.

वायर परत लावली, ९४.

१३ जुलै

सकाळी आई म्हणाली टीव्ही परत थांबतोय. आयपर्फ ९ एमबीपीएस. लॅपटॉप लावला, लिंकच १० ची लागलेली. केसिंग उघडून बघायच्या आधी टोकं बघितली, आणि पडवीच्या बाजूच्या सॉकेटच्या पत्त्यांवर हिरवट थर. तिथे पागोळ्यांचे शिंतोडे येतात आणि हवा खारी. सॉकेट बदलला, आधी पडवीतून वायर जिथे आत येते तिथेच तो होता, आता दोन फूट आतल्या भिंतीवर, तोंड खाली करून. वायर आत येते त्याच्या आधी तिला खाली एक वळसा ठेवला म्हणजे पाणी वळशावरून ठिबकेल, सॉकेटमधे जाणार नाही. एक तास, १८० रुपये.

९४, एरर शून्य. पाऊस संपला की दसऱ्याच्या साफसफाईत सॉकेट उघडून पत्त्या बघायच्या, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

आत्तापर्यंतचा खर्च वायर, अवजारं, केसिंग आणि दोन सॉकेट धरून २४९० रुपये. त्यातलं टूल, टेस्टर आणि उरलेले कनेक्टर वाडीत कोणाला हवे असतील तर घेऊन जा, फक्त रंगांचा क्रम टूलच्या पिशवीत कागदावर लिहून ठेवलाय तो आधी वाचा.